वहीपूजन दिवाळीला, हिशेबाचे वर्ष एप्रिलला

आश्विन अमावास्येला तिन्हीसांजेला दुकानात लक्ष्मीपूजन होते, तेव्हा चौरंगावर मूर्ती, नाणी आणि बत्तासे यांच्याबरोबर एक कोरी वही ठेवलेली असते. लांबट आकाराची, लाल कापडी पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली. तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढतात, वर ‘श्री’ लिहितात, दोन्ही बाजूंना ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहितात, विडा-सुपारी ठेवून अक्षता वाहतात. पूजेच्या पद्धतीप्रमाणे दौतीत महाकालीचे, वहीत सरस्वतीचे आणि तिजोरीत कुबेराचे आवाहन होते. दुसऱ्या दिवशी, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला, मुहूर्त पाहून त्या वहीत पहिली नोंद पडते. महाराष्ट्रात शक चैत्री पाडव्याला बदलतो, पण व्यापाऱ्यांचे विक्रम संवत कार्तिकापासून मोजले जाते. पाडवा साडेतीन मुहूर्तांपैकी एक असल्यामुळे नव्या खात्याला वेगळा मुहूर्त शोधावा लागत नाही. २०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला झाले आणि २२ ऑक्टोबरला संवत २०८२ लागले.

अलीकडे याच आठवड्यात दुकानदाराच्या मोबाइलवर दुसरे एक आमंत्रण येते. ‘नवी वही, नवे बिलिंग सॉफ्टवेअर’, ‘पाडव्यापासून हिशेब संगणकावर’, ‘धनत्रयोदशीपर्यंत सवलत’ अशा जाहिराती खास पूजा करणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला उद्देशून लिहिलेल्या असतात. दुकानाचा माणूसही सॉफ्टवेअर घेतो, लॅपटॉपच्या झाकणावर कुंकवाचे बोट लावतो आणि पाडव्याला पहिले बिल छापतो. इथपर्यंत सगळे ठीक असते. अडचण मार्चअखेरीला कळते. सॉफ्टवेअरमधला नफा अर्ध्याच वर्षाचा दिसतो, बिलांचे क्रमांक दोनदा आलेले असतात आणि कर सल्लागार जुन्या वह्या मागू लागतो. याचे कारण सॉफ्टवेअरमध्ये नाही. पूजेचे वर्ष आणि कायद्याचे वर्ष वेगवेगळ्या दिवशी सुरू होते, आणि मधल्या दिवशी हिशेब संगणकावर नेण्याची एक पद्धत आहे. ती पद्धत जुन्या वहीच्या हिशेबातच सापडते.

ही दोन वर्षे नेहमीच वेगळी नव्हती. सरकारचे आर्थिक वर्ष १८६७ पासून १ एप्रिलला सुरू होत आले असले, तरी प्राप्तिकरासाठी व्यापाऱ्याला आपले वर्ष निवडता येई. दिवाळी ते दिवाळी हिशेब ठेवणारा व्यापारी त्याच हिशेबावर कर भरत असे. पूजेची वही हीच त्याची कायदेशीर वही होती. १९८७ च्या दुरुस्ती कायद्याने ही मोकळीक काढून घेतली आणि १ एप्रिल १९८९ पासून सर्वांना एप्रिल ते मार्च हेच वर्ष लागू झाले. त्या बदलाच्या वेळी दिवाळीचे वर्ष पाळणाऱ्यांना १९८७ च्या पाडव्यापासून ३१ मार्च १९८९ पर्यंतचा, म्हणजे सतरा महिन्यांहून मोठा हिशेब एकाच वर्षाचा म्हणून द्यावा लागला. तेव्हापासून पूजेच्या वहीचे काम हळूहळू सुटले. पुष्कळ दुकानांत ती पूजेनंतर कपाटात जाते आणि पुढच्या दिवाळीला तिच्या जागी दुसरी कोरी वही येते. जीएसटीनेही एप्रिल-मार्चचेच वर्ष धरले, त्यामुळे बिलांचे क्रमांकही त्याच वर्षाला बांधले गेले.

सॉफ्टवेअर पाडव्याला सुरू करायचे असेल, तर पहिला प्रश्न हाच, की १ एप्रिल ते लक्ष्मीपूजन या काळातला व्यवहार त्यात कसा आणायचा. सगळी बिले एकेक करून भरणे हा एक मार्ग आहे. बिले चार-पाचशे असतील तर तो सर्वांत चांगला, पण तीन-चार हजार बिलांच्या किराणा दुकानाला तो परवडत नाही. दुसरा मार्ग तेरजेचा. तेरीज म्हणजे एका ठरावीक दिवशी खतावणीतल्या प्रत्येक खात्याची बाकी काढून, जमा एका बाजूला आणि नावे दुसऱ्या बाजूला लिहून केलेली बेरीज. दोन्ही बेरजा सारख्या आल्या की कीर्द आणि खतावणी जुळली असे समजायचे. इंग्रजी शिकलेले हिशेबनीस तिला ट्रायल बॅलन्स म्हणतात.

एका तालुक्याच्या गावातले किराणा दुकान उदाहरणादाखल घेऊ. दुकानदार जीएसटीत नियमित नोंदलेला आहे, हिशेब वहीत ठेवतो आणि बिले छापील पुस्तकातून देतो. २१ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री गल्ला मोजून, बँकेचे पासबुक भरून आणि उधारीची वही तपासून त्याने काढलेली तेरीज अशी येते. विक्री आणि खरेदीच्या रकमा कर वगळून आहेत.

| जमा | रुपये | नावे | रुपये |
|---|---|---|---|
| भांडवल (१ एप्रिलचे) | ४,९८,००० | गल्ल्यातली रोकड | १८,४०० |
| व्यापाऱ्यांचे देणे | २,३०,००० | बँकेतली शिल्लक | ६२,६०० |
| जीएसटीचे देणे | १२,००० | गिऱ्हाइकांची उधारी | १,३५,००० |
| विक्री | १९,२०,००० | १ एप्रिलचा शिल्लक माल | ४,१०,००० |
| | | खरेदी | १६,८०,००० |
| | | भाडे, वीज, पगार इ. खर्च | १,४४,००० |
| | | फर्निचर, काटा, फ्रीज | ९०,००० |
| | | घरखर्चाची उचल | १,२०,००० |
| एकूण | २६,६०,००० | एकूण | २६,६०,००० |

हा तक्ता जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे असा देशी नाम्याच्या रीतीने मांडला आहे. सॉफ्टवेअरमध्ये आणि इंग्रजी पद्धतीच्या खात्यात याच्या उलट असते. तिथे डेबिट, म्हणजे नावे, डावीकडे येते. जुन्या खतावणीवरून बाक्या उतरवताना डावीकडची रक्कम डावीकडे टाकली की गिऱ्हाइकाची उधारी देणे होऊन बसते आणि घाऊक व्यापाऱ्याचे देणे येणे दिसू लागते. बाजू पाहून उतरवू नये, शब्द पाहून उतरवावे. नावे बाकी असेल तिथे Dr आणि जमा बाकी असेल तिथे Cr निवडावे.

या तेरजेत १ एप्रिलचा माल आहे, दिवाळीचा नाही. नवशिक्या दुकानदाराचा सर्वांत मोठा गोंधळ इथेच होतो. लक्ष्मीपूजनाच्या आधी दुकान झाडून, फळ्या पुसून माल मोजलेला असतो, तो ४,३०,००० रुपयांचा भरतो आणि तोच आकडा ‘सुरुवातीचा माल’ म्हणून सॉफ्टवेअरमध्ये टाकावासा वाटतो. तो टाकावा की नाही, हे बाकीचे काय टाकले आहे यावर अवलंबून आहे. खरेदी, विक्री आणि खर्च हे एप्रिलपासूनचे टाकले असतील, तर आर्थिक हिशेबात सुरुवातीचा माल एप्रिलचाच म्हणजे ४,१०,००० हवा. दिवाळीचा ४,३०,००० टाकला, तर एप्रिल ते दिवाळीच्या खरेदीतून उरलेला माल एकदा खरेदीत आणि एकदा सुरुवातीच्या मालात असा दोनदा धरला जातो. तेरीज २०,००० रुपयांनी बिघडते. काही सॉफ्टवेअर हा फरक ताळेबंदात Difference in opening balances अशा वेगळ्या ओळीत दाखवतात. ती ओळ दिसली, की पुढचे एकही बिल करण्याआधी चूक शोधावी. काही स्वस्त बिलिंग ॲप मात्र असा फरक गुपचूप भांडवलात ढकलतात आणि काहीच दाखवत नाहीत. अशा ॲपमध्ये टाकलेल्या बाक्यांची बेरीज हाताने करून पाहण्याला पर्याय नाही.

नगांचा हिशेब मात्र वेगळा ठेवायचा. कोणत्या वस्तूचे किती नग किंवा किती किलो शिल्लक आहेत, ते दिवाळीच्या मोजणीप्रमाणेच भरावे लागते, कारण पाडव्यापासूनची बिले त्यातूनच वजा होणार असतात. ज्या सॉफ्टवेअरमध्ये नग आणि रुपये एकमेकांना बांधलेले असतात, तिथे हा पेच सुटत नाही. तिथे दुसरा रस्ता घ्यावा लागतो.

तो रस्ता असा: विक्री, खरेदी, खर्च आणि उचल टाकायचीच नाही, फक्त पाडव्याच्या सकाळी जे हातात आहे आणि जे देणे आहे तेवढेच टाकायचे. रोकड आणि बँक मिळून ८१,०००, उधारी १,३५,०००, दिवाळीचा माल ४,३०,००० आणि फर्निचर ९०,००० अशी एकूण येणी आणि मालमत्ता ७,३६,००० होते. त्यातून देणी २,४२,००० वजा केली की ४,९४,००० उरतात, ते पाडव्याचे भांडवल. आता पडताळा पाहता येतो. १९,२०,००० ची विक्री झाली. त्यासाठी लागलेला माल म्हणजे ४,१०,००० अधिक १६,८०,००० वजा ४,३०,०००, एकूण १६,६०,०००. ढोबळ नफा २,६०,००० आणि त्यातून १,४४,००० खर्च गेल्यावर निव्वळ नफा १,१६,०००. एप्रिलच्या ४,९८,००० भांडवलात हा नफा मिळवून १,२०,००० ची उचल वजा केली की बरोबर ४,९४,००० येतात. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आला, म्हणजे मधल्या पावणेसात महिन्यांचा हिशेब जुळतो. न जुळल्यास चूक बहुधा दोन ठिकाणी असते: गल्ल्यातून घरी नेलेली आणि न लिहिलेली रक्कम, किंवा माल आला पण बिल वहीत चढले नाही अशी खरेदी.

दुसऱ्या रस्त्याची मर्यादा उघड आहे. ३१ मार्चला सॉफ्टवेअर फक्त पाडव्यानंतरच्या सव्वापाच महिन्यांचा नफा दाखवील. आधीचा भाग वहीतून घेऊन कर सल्लागाराला दोन्ही जोडावे लागतील. ते चालते. पण ती तेरीज आणि हा पडताळा कागदावर लिहून ठेवलेला असेल तरच चालते. इथे पूजेच्या वहीला पुन्हा काम मिळते. पाडव्याच्या मुहूर्तावर ‘श्री’खाली पहिल्या पानावर एखादा नाममात्र सौदा लिहिण्याऐवजी ही पूर्ण तेरीज स्वतःच्या हाताने लिहून काढावी, खाली तारीख घालून सही करावी. त्याच पानावरून सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरावेत. जुन्या पेढ्यांवर दिवाणजी हेच करीत. जुन्या वहीतल्या बाक्या नव्या वहीत ओढून आणल्याशिवाय नवे वर्ष सुरू होत नसे.

सॉफ्टवेअरमध्ये नवी पेढी तयार करताना दोन तारखा विचारल्या जातात. टॅलीच्या पडद्यावर त्या Financial year beginning from आणि Books beginning from अशा येतात. पहिली नेहमी १ एप्रिल २०२५ ठेवायची आणि दुसरी २२ ऑक्टोबर २०२५. पहिल्या जागी पाडव्याची तारीख टाकणे ही पूजा करणाऱ्या दुकानांतली फार नेहमीची चूक आहे. मग सॉफ्टवेअरचे वर्ष ऑक्टोबर ते ऑक्टोबर चालते, आणि एप्रिलमध्ये बिलांचा क्रम बदलायचा, जुने वर्ष बंद करायचे, ही कामे ते वेळेवर सुचवीत नाही.

उधारीची १,३५,००० ही रक्कम एका ओळीत टाकून भागत नाही. ती पन्नास-साठ गिऱ्हाइकांत वाटलेली असते आणि प्रत्येकाचे खाते वेगळे उघडावे लागते. वहीत एकच माणूस तीन नावांनी असतो: कुठे ‘पाटील गुरुजी’, कुठे ‘शाळेचे पाटील’, कुठे नुसता मोबाइल क्रमांक. वहीला ते कळते, कारण लिहिणारा त्याला ओळखतो. सॉफ्टवेअर तीन खाती उघडते आणि गुरुजींनी भरलेले पैसे एका खात्यात जमा होतात, उधारी दुसऱ्यात तशीच राहते. वसुलीचा संदेश गेला की माणूस दुखावतो. म्हणून नावांची यादी आधी वहीतच एक करून घ्यावी, मोबाइल क्रमांक हीच ओळख धरावी. दिवाळीच्या आधी खाते मिटवण्याची रीत अजून पुष्कळ गावांत आहे, तिचा फायदा इथे होतो. लक्ष्मीपूजनाच्या आधीच्या आठवड्यात ज्यांनी उधारी चुकती केली, त्यांची बाकी शून्य असते आणि भरायची खाती तेवढी कमी होतात.

आता बिलांचे क्रमांक. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे प्रत्येक बिलाला लागोपाठचा क्रमांक हवा, तो आर्थिक वर्षात दुसऱ्यांदा येता कामा नये, आणि त्यात सोळापेक्षा जास्त चिन्हे नकोत. इंग्रजी अक्षरे, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढेच चालते. एकापेक्षा जास्त मालिका ठेवायला परवानगी आहे. पाडव्याला नव्या सॉफ्टवेअरने पहिले बिल ‘१’ क्रमांकाचे काढले, तर त्याच वर्षातले एप्रिलचे १ क्रमांकाचे बिल आधीच झालेले असते. नोंदणीकृत गिऱ्हाइकाला दिलेल्या बिलात हा गोंधळ लगेच बाहेर येतो, कारण ते बिल त्याच्या क्रमांकासह पोर्टलवर चढते.

उदाहरणातल्या दुकानाने २१ ऑक्टोबरला छापील पुस्तकातले शेवटचे बिल ३०६४ क्रमांकाचे दिले. पाडव्यापासून त्याने नवी मालिका सुरू केली:

```
D/25-26/0001
```

यात बारा चिन्हे आहेत, म्हणजे मर्यादेच्या आत. कोणाला लक्ष्मीचे नाव क्रमांकातच हवे असते आणि ते SHREELAXMI/25-26/001 असा क्रमांक ठेवतात. तो वीस चिन्हांचा होतो आणि पोर्टल तो घेत नाही. देवनागरी ‘श्री’ही क्रमांकात बसत नाही. त्याची जागा बिलाच्या माथ्यावर, दुकानाच्या नावाच्या वर आहे, आणि तिथे छापायला कसलीच आडकाठी नाही. सुरुवातीचा आकडा १ च हवा असेही नियम म्हणत नाही. शुभ म्हणून कोणी १०१ पासून सुरू केले तरी पुढचे आकडे लागोपाठ आले म्हणजे झाले.

विवरणपत्र भरताना GSTR-1 च्या तक्ता १३ मध्ये त्या काळात दिलेल्या बिलांची मालिका सांगावी लागते: पहिला क्रमांक, शेवटचा क्रमांक, एकूण, रद्द आणि निव्वळ. ऑक्टोबरसाठी या दुकानाच्या दोन ओळी होतील. पहिली छापील पुस्तकाची, २८७१ ते ३०६४, एकूण १९४, त्यांतली ३ रद्द, निव्वळ १९१. दुसरी सॉफ्टवेअरच्या मालिकेची, पाडव्यापासून महिनाअखेरीपर्यंतची. छापील पुस्तक ३१०० पर्यंतचे होते, त्यातली ३६ पाने कोरी उरली. ती फाडून टाकू नयेत. वीज गेली, प्रिंटर बिघडला, तर ३०६५ पासून तीच मालिका पुढे वापरता येते. मात्र त्या दिवशीची हातबिले रात्री त्याच क्रमांकांनी सॉफ्टवेअरमध्ये चढवावी लागतात. दोनशे रुपयांच्या आतल्या किरकोळ विक्रीत नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाला बिल नको असेल, तर वेगळे बिल न करता दिवसअखेरीस अशा सगळ्या विक्रीचे एक एकत्रित बिल करता येते. खडीसाखर आणि काडेपेटीच्या विक्रीने मालिका फुगत नाही, ही सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते पण विक्रेता ती क्वचितच दाखवतो. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराचे बिल वेगळे असते, त्यावर कर दाखवायचा नसतो, पण क्रमांकाचा नियम त्यालाही हाच आहे.

२०२५ च्या दिवाळीला आणखी एक गोष्ट घडली होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. बिस्किटे, साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ टक्क्यांवरून ५ वर आली, तूप, लोणी आणि फरसाण १२ वरून ५ वर. नव्या सॉफ्टवेअरबरोबर तयार वस्तूंची यादी फुकट मिळते ती कधीची आहे, हे पाहिल्याशिवाय वापरू नये. यादीतल्या आठ-दहा नेहमीच्या वस्तूंचे एक नमुना बिल काढून दर घाऊक व्यापाऱ्याच्या ताज्या बिलाशी ताडून पाहिले की कळते.

एवढे समजले की दिवाळीची सवलत नीट वाचता येते. जाहिरातीत किंमत बहुधा जीएसटी सोडून छापलेली असते. वर्षाला ३,००० रुपये असे लिहिले असेल, तर १८ टक्के धरून ३,५४० भरावे लागतात. नियमित नोंदणी असलेल्या दुकानदाराला त्यातले ५४० वजावटीत मिळू शकतात, कंपोझिशनवाल्याला नाहीत. त्याहून महत्त्वाची गोष्ट मुदतीची. वार्षिक परवाना घेतल्याच्या दिवसापासून मोजतात. धनत्रयोदशीला, १८ ऑक्टोबरला, घेतलेला परवाना पुढच्या १७ ऑक्टोबरला संपतो. दुकानदाराने खरा हिशेब १ एप्रिलपासूनच चढवायचे ठरवले, तर १६५ दिवस, म्हणजे जवळपास साडेपाच महिने, पैसे भरून सॉफ्टवेअर नुसते पडून राहते. ३,००० तले साधारण १,३५० रुपये त्यात जातात. सवलत बऱ्याचदा तेवढीच असते. म्हणून ‘मुदत चालू केल्याच्या दिवसापासून धरणार का’ हे विचारून तसे लिहून घ्यावे. विक्रेता मान्य करीत असेल तर पूजेला खरेदी आणि एप्रिलला सुरुवात, असे दोन्ही जमते.

‘लाइफटाइम’ या शब्दाखाली काय दिले आहे, तेही विचारावे. पुष्कळदा आयुष्यभराचा हक्क त्या एका आवृत्तीचा असतो. कराचे दर किंवा विवरणपत्राचा नमुना बदलला की सुधारित आवृत्तीसाठी दरवर्षी वेगळे पैसे पडतात. सप्टेंबरातल्या बदलानंतर ज्यांनी ते पैसे भरले नव्हते, त्यांना हाताने एकेका वस्तूचा दर बदलावा लागला.

सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न हिशेब जपण्याचा आहे. जीएसटी कायद्याप्रमाणे वर्षाचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात. २०२५-२६ च्या विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२६, म्हणजे हे हिशेब ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत दाखवता आले पाहिजेत. लाल वही कपाटात राहिली की हे आपोआप होते. वार्षिक वर्गणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्गणी थांबली की जुना हिशेब नुसता पाहता येईल, की पडदाच उघडणार नाही? हे विक्रेत्याच्या बोलण्यावर न सोडता करून पाहावे. दहा नमुना बिले करावीत, सगळा हिशेब एक्सेलमध्ये काढावा, दुसऱ्या संगणकावर उघडावा. उघडला आणि गिऱ्हाइकांची नावे, क्रमांक, रकमा जागच्या जागी दिसल्या, तर पुढे जावे. नंतर दर आठवड्याला पेनड्राइव्हवर एक प्रत आणि महिन्याला घरी ठेवायची एक प्रत एवढी शिस्त पुरते. थर्मल कागदावर छापलेली बिले यात धरू नयेत. ती उन्हाने, उष्णतेने आणि वर्षा-दोन वर्षांत नुसत्या काळानेही पुसट होतात. मराठीत बिल छापायचे असेल, तर तेही दुकानातल्याच प्रिंटरवर पाहून घ्यावे. साध्या थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी नसते, तेव्हा अक्षरे चित्र म्हणून छापली जातात आणि गर्दीच्या वेळी एकेक बिल रेंगाळते.

चुकीची नोंद दुरुस्त करण्याचा नियम वहीला आणि सॉफ्टवेअरला एकच आहे. जीएसटीच्या नियम ५६ प्रमाणे वहीतली नोंद खोडरबराने पुसायची नाही, तिच्यावर गिरवायचे नाही. आडवी रेघ मारून सही करायची आणि बरोबर आकडा वेगळा लिहायचा. वह्यांच्या खंडांना क्रमांकही द्यायचे. हिशेब संगणकावर असेल, तर बदललेल्या आणि काढून टाकलेल्या प्रत्येक नोंदीची माहिती टिकली पाहिजे. काही स्वस्त ॲपमध्ये मागच्या महिन्याचे बिल पूर्ण काढून टाकता येते आणि कुठे खूण राहत नाही. दुकानदाराला ही सोय वाटते, पण तपासणीत क्रमांकांच्या मालिकेत पडलेली ती मोकळी जागा समजावून सांगता येत नाही. सॉफ्टवेअर घेताना एक बिल करून ते रद्द करून पाहावे. ते ‘रद्द’ म्हणून यादीत राहिले पाहिजे, नाहीसे होता कामा नये.

पूजेच्या वेळी लॅपटॉप ठेवायचा झाल्यास तो बंद करून झाकण मिटलेला ठेवावा, वर स्वच्छ कापड घालून त्यावर हळद-कुंकू वाहावे. अक्षतांचे दाणे कळफलकाच्या फटीत शिरले तर काढायला फार त्रास होतो. पंचामृत आणि नारळाचे पाणी वहीलाही सोसत नाही, संगणकाला तर नाहीच. तेरीज लिहिलेली वही उघडी आणि तिच्या शेजारी मिटलेला संगणक, अशी मांडणी अनेक दुकानांत आता दिसते.

मार्चच्या शेवटच्या रात्री दुकानदाराला पुन्हा एकदा माल मोजावा लागतो. पाडव्याच्या बाक्या बरोबर चढल्या असतील, तर सॉफ्टवेअरमधली नगांची शिल्लक आणि फळीवरचा माल यांत तूट-खराबी एवढाच फरक राहतो. १ एप्रिलला मालिका बदलून D/26-27/0001 करायची आणि ३१ मार्चच्या बाक्यांची तेरीज त्याच लाल वहीत, दिवाळीच्या तेरजेनंतरच्या पानावर उतरवून घ्यायची. पुढच्या दिवाळीला तीन तेरजांची नोंद, म्हणजे पाडव्याची, मार्चअखेरीची आणि नव्या लक्ष्मीपूजनाची, एकाच वहीत एकापुढे एक असते आणि कोणत्या सहामाहीत उधारी वाढली, कोणत्या सहामाहीत माल अडकला, ते पाने उलटून पाहता येते.